बायडाबाईंचं डोकं

कसबा पेठ, भुसाऱ्याच्या ओट्याखालून
ज्येष्ठ वद्य पंचमी

गोदू,

मायना मुद्दामच लिहिलेला नाही. 'चिरंजीव' लिहावं, तर तू आता राणी. 'श्रीमंत' लिहावं, तर तुला कोषातून ओढून बाहेर काढणारी मीच. तेव्हा तुझे पंख अंगाला चिकटले होते, ते चाटून चाटून मी सरळ केले. त्याच पंखांवर तू त्या संध्याकाळी उडालीस आणि उडता उडता आम्हाला शहाणपणा शिकवून गेलीस. मला अजून राग आहे. पत्र प्रेमाचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

घरातल्या सगळ्या मुंग्या तुम्हा पंखवाल्यांना निरोप द्यायला दारात जमल्या होत्या. तुझं बोलणं सगळ्यांनी ऐकलं. तू म्हणालीस, "तुम्ही घाण्याला जुंपलेल्या आहात. एक जन्मभर दाणे फोडणार, एक जन्मभर पोरं पुसणार. माझ्या घरी प्रत्येकजण सगळं करील." आणि मग बायडाबाईंकडे बघून म्हणालीस, "एवढं डोकं घेऊन जन्माला आल्या, पण जन्म दारातच अडकला."

बायडाबाईंचं डोकं खरंच दारात अडकलं होतं, हे मी नाकारत नाही. पण त्यांना ते लागलं. त्या मागे सरकत कोठारात गेल्या आणि दाणे फोडत बसल्या. त्या दिवशी त्यांनी जरुरीपेक्षा जास्त दाणे फोडले.

आता ऐक. घाण्याचं काय ते सांगते.

तू आणि मी सारख्याच अंड्यांतून आलो. आपण अळ्या असताना कुणाला काय आणि किती भरवलं, यावर पुढचं बरंचसं ठरलं. माझ्या वाट्याला बेताचं आलं, मी बारकी झाले. बायडाबाईंना किडामुंगीचं मांस जास्त मिळालं, त्या डोकेवाल्या झाल्या. तुला तर इतकं भरवलं की तुला पंख फुटले. डोकेवालीच्या त्या डोक्यात काय असतं, ठाऊक आहे? जबड्याचे स्नायू. नाचणीचा दाणा मी दिवसभर कुरतडला तरी ओरखडा उठत नाही. बायडाबाई तो धरतात आणि कडकन दोन तुकडे करतात. मग आम्ही बारक्या तो चुरा नेऊन अळ्यांच्या पोटावर ठेवतो आणि अळ्या मान वाकवून खातात. घट्ट अन्न गिळता येतं ते घरात फक्त अळ्यांनाच. आपल्या कमरा इतक्या बारीक, की रसाशिवाय काही खाली उतरत नाही. म्हणजे बायडाबाई नसत्या तर अळ्या उपाशी, आणि आम्ही बारक्या नसतो तर बायडाबाईंचा चुरा कोठारातच बुरसला असता.

आपल्यात शिपाई म्हणजे याच डोकेवाल्या, आणि त्याही बायकाच. पुरुष म्हणजे तुझ्याबरोबर उडालेले ते पंखवाले भाऊ. खायचं, पडून राहायचं आणि एका संध्याकाळी उडायचं, एवढंच त्यांचं काम. तेवढं मात्र त्यांनी चोख केलं, खोटं कशाला बोलू.

आणि तू? तू आता कुठल्यातरी बिळात आहेस. पंख स्वतःच तोडून टाकले असशील, दार आतून लिंपून घेतलं असशील. अंडी तूच घालायची, तूच चाटायची, राखायचीही तूच. दाणे आणायला तुला बाहेर पडता येत नाही. पंख हलवायला अंगात जे मांस होतं, तेच विरघळवून तू जगायचंस आणि पहिल्या पोरींना भरवायचंस. आईने पहिल्या वर्षी हेच केलं होतं. घ्या, प्रत्येकजण सगळं करील. सध्या तुझ्या घरी प्रत्येकजण म्हणजे तू एकटी.

हे मी दाण्याच्या सालीवर आपल्या लिपीत, म्हणजे वासाने, लिहिते आहे. पत्र पोचवायला जासूद म्हणून दत्तोबा मिळाला आहे. तो वाणी किडा आहे. पायांना तोटा नाही आणि घाई अजिबात नाही. तू कुठे उतरलीस ते त्याला ठाऊक आहे म्हणतो. किती लांब, विचारलं तर "लांब आहे" एवढंच बोलला आणि वेटोळं करून झोपला. तू पर्वतीच्या पलीकडे जाणार होतीस, तेव्हा लांब असणारच.

शकू

आषाढ शुद्ध अष्टमी

गोदू,

उत्तर आलं नाही. लिंपलेल्या दारातून येणार तरी कसं? दत्तोबा म्हणतो, पत्र दाराच्या फटीत खोचून आलो. वास आत जाईल, एवढं बरं.

माझं काम बदललं. कुणी सांगितलं नाही. एक दिवस अळ्या पुसता पुसता मला वाटू लागलं की आतल्या खोलीत फार कोंदट होतंय. पाय आपोआप वरच्या मजल्याकडे वळले. माझ्या जागी नुकत्या कोषातून निघालेल्या पोरी आल्या, अजून फिकट, अंगही धड टणक न झालेलं. त्यांनी अंडी चाटायला घेतली, जणू जन्मभर तेच करत आल्या होत्या.

आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे, पण तू तिच्याकडे कधी नीट बघितलं नाहीस, म्हणून लिहिते. कोवळ्या वयात सगळ्यांत खाली, आईजवळ आणि पोरांजवळ. जरा वय झालं की वर, माती काढायची, भिंती दाबायच्या, कचरा न्यायचा. म्हातारपणी दाराबाहेर, दाणे आणायला. बाहेर पाल आहे, कोंबडी आहे, तांबटांच्या जड वहाणा आहेत. जिचं आयुष्य थोडं उरलं तिने धोक्यात जायचं आणि जिचं सगळं पुढे आहे तिने आत राहायचं. हा हिशेब कुणी बसून केलेला नाही. आईने तर नाहीच. आपली आई हुकूम देत नाही, अंडी देते. शनिवारवाड्यात म्हणे एकेका कामाला एकेक कारभारी असतो आणि त्या कारभाऱ्यावर आणखी एक. आपल्याकडे कारभारी कुणीच नाही, तरी काम अडत नाही.

मग चालतं कसं? एकमेकींच्या मिशांना मिशा लावून. दारात येणाऱ्या दाणेवाल्या भराभर भेटायला लागल्या की आतल्यांना कळतं, बाहेर दाणा भरपूर आहे, आणि आणखी निघतात. भेटी कमी झाल्या की निघणाऱ्याही कमी होतात. एवढंच.

मला कचऱ्याचं काम मिळालं. मेलेल्या बहिणींना उकिरड्यावर नेऊन टाकायचं. मेलेली ओळखायची ती वासावरून. मेल्यावर एकदोन दिवसांनी अंगाला खवट तेलासारखा वास सुटतो, तो आला की उचलायची. यात माझी जी फजिती झाली ती तू हसणार म्हणूनच लिहिते.

काल भुसाऱ्याच्या कोनाड्यातल्या दिव्याचं जुनं तेल ओघळलं होतं. मी त्यात पडले. कशीबशी निघाले आणि घरी आले, तोच दारातल्या एकीने मला हुंगलं, कंबरेला धरलं आणि थेट उकिरड्यावर नेऊन टाकलं. मी पाय झाडत होते, चालत होते, ओरडत होते. मी परत आले, तर दुसरीने उचलली. मी म्हटलं, "बाई, मी जिवंत आहे." ती म्हणाली, "सगळ्याच असं म्हणतात," आणि टाकून गेली. हसू नकोस. वासाने काम करणाऱ्यांकडून अशीच चूक होणार. मी स्वतः त्यांच्या जागी असते तर मलाच उचललं असतं.

हे पत्र मी उकिरड्यावर बसून लिहिते आहे. अंग चाटून चाटून तेल काढते आहे. इथून दिसतं बाकी छान. शेजारचा तांबट एक भलंमोठं घंगाळ ठोकून तयार करतो आहे. आमच्या आख्ख्या घरावर पालथं घातलं तरी उरेल एवढं.

शकू

आषाढ वद्य द्वादशी

गोदू,

इथे सगळं ठीक आहे. आई बरी आहे. जास्त लिहायला सवड नाही.

शकू

श्रावण शुद्ध नवमी

गोदू,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुला कळलं असणार, कारण मी एवढं थोडक्यात कधी लिहीत नाही.

तांबटाचं घंगाळ पुरं झालं. भांडं कुठे गळतं का, ते बघायला तांबट त्यात काठोकाठ पाणी भरतात आणि थोडा वेळ तसंच ठेवतात. यानेही भरलं. गळलं नाही. खूश होऊन त्याने ते जागच्या जागीच कलंडलं. ते सगळं पाणी ओट्याच्या कडेने आलं आणि आपल्या दारातून आत शिरलं.

मी उकिरड्यावर होते. तेल अजून पुरतं निघालं नव्हतं, म्हणून मला परत एकदा टाकून गेल्या होत्या. त्या चुकीपायी मी जगले.

दाणेवाल्या दारालगतच्या खोलीत होत्या, त्या सगळ्या गेल्या. पाणी खाली उतरू लागलं तसं खालच्या बारक्यांनी अंडी, अळ्या, कोष तोंडात धरून बाजूच्या, जरा उंचावरच्या आडव्या खोलीत चढवायला सुरुवात केली. एकेकीने पोर वर ठेवलं आणि परत खाली गेली. बऱ्याचजणी त्या शेवटच्या खेपेतून वर आल्याच नाहीत. पोरं मात्र जवळजवळ सगळी वाचली. आई वाचली. डोकेवाल्या कोठारात उंचावर होत्या, त्यांनी भिंतीत जबडे रुतवले आणि तग धरून राहिल्या. पाणी मुरल्यावर मी आत गेले, तेव्हा मला कुणी उचलून टाकलं नाही. टाकणाऱ्याच उरल्या नव्हत्या.

आता तू विचार कर. घरात पोरं तेवढीच, डोकेवाल्या तेवढ्याच, पण बारक्या मूठभर. कोठारातला दाणा भिजून फुगला. त्याला मोड आले तर कोठारात गवत उगवतं आणि भिंती फुटतात. म्हणून आम्ही उरलेल्यांनी एकेका दाण्याचा कोंब कुरतडून टाकला आणि ऊन पडेल तेव्हा दाणे बाहेर वाळत घातले. पण अर्धा दाणा सडला होता, तेव्हा नवा आणायला हवा होता. तो आणणाऱ्या गेलेल्या. म्हणून आम्हीच निघालो. माझं अजून दाणे आणायला जायचं वय नव्हतं. माझ्याबरोबर तर अळ्या पुसणाऱ्या पोरी होत्या, ज्यांनी ऊन पाहिलेलंसुद्धा नव्हतं. घराला गरज पडली की वयाची पायरी एका उडीत चढता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

पण मग आत कोण उरलं? पोरांना चाटायला कुणी नाही. अंडं चाटलं नाही तर त्याला बुरशी धरते. अळीला भरवलं नाही तर ती सुकते. आईला तोंडाला तोंड लावून रस पाजायला कुणी नाही. आईने अंडी घालायचं थांबवलं होतं. ते मी तुला लिहिलं नाही, कारण मला वाटलं होतं, आता हे घर संपलं. आणि तुला ते कळावं, तेही मी तुझ्यावर रागावलेली असताना, हे मला नको होतं.

म्हणशील, डोकेवाल्या होत्या ना? होत्या. पण डोकेवाली पोरांच्या खोलीत जात नाही. गेली आणि तिथे बारकी दिसली की तोंड फिरवून परत फिरते. लाजते म्हण, अवघडते म्हण, त्यांचा पिंडच तो. मी सगळं बालपण त्या खोलीत काढलं, बायडाबाईंना एकदाही अळीला तोंड लावताना पाहिलं नव्हतं.

पुढचं उद्या लिहिते. पाय दुखतात.

श्रावण शुद्ध दशमी

कालचंच पत्र पुढे.

एक दाणा घेऊन मी घरी आले. बाहेर असताना मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आता दाणे पुरेत, परत पोरांच्या खोलीत जायचं. निदान काही अळ्या तरी जगवू. मला तिथे जायचंच होतं, गोदू. ती खोली मला फार आवडायची. मी दाणा दारात टाकला आणि तडक खाली उतरले.

पोरं आता होती त्या आडव्या खोलीच्या तोंडाशी थांबले. आत बायडाबाई होत्या.

त्यांच्या जबड्यात एक अळी होती. नाचणीचा दाणा ज्या जबड्यात फुटतो त्याच जबड्यात, आणि अळीला ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी ती खाली ठेवली, जरा वेडीवाकडी ठेवली, मग तिला चाटू लागल्या. डोकं एवढं जड की चाटताना पुढे कलंडायच्या, सावरायच्या, परत चाटायच्या. पलीकडे आणखी डोकेवाल्या होत्या. एक अंड्यांचा झुबका उचलून कोरड्या कोपऱ्यात नेत होती. एक स्वतः फोडलेला चुरा स्वतःच अळ्यांच्या पोटांवर ठेवत होती. आणि एक आईच्या तोंडाला तोंड लावून उभी होती.

हुकूम कुणी दिला नव्हता. खोलीत बारकी नव्हती, म्हणून तोंड फिरवायचं कारणच उरलं नव्हतं, इतकं साधं होतं ते.

मी एक पाय आत टाकला आणि बायडाबाईंच्या मिशा हलल्या. त्यांनी मला हुंगलं. अळी सोडून त्या मागे सरकू लागल्या. सवयच ती, बारकी आली की निघायचं. तेव्हा मला समजलं. मी आत गेले असते तर मी वाचवल्या असत्या मूठभर अळ्या, आणि त्या सगळ्याजणी तोंड फिरवून कोठारात गेल्या असत्या.

मी पाय मागे घेतला. वळले. वर चढून सरळ बाहेर उन्हात गेले. इतकं अवघड काम मी जन्मात केलं नाही. वळले तेव्हाच मागून बायडाबाईंचा आवाज आला होता. त्या कधी बोलत नाहीत, म्हणून शब्द न् शब्द लिहिते.

"शकू, हे डोकं दाण्यांसाठीच आहे. पण पोरं उपाशी असताना डोक्याकडे कोण बघत बसणार?"

त्यानंतर मी एका दिवसात जेवढे दाणे आणले तेवढे चांगल्या दाणेवालीने दोन दिवसांत आणले नसते.

शकू

भाद्रपद वद्य द्वितीया

गोदू,

आता खुशाल वाच. जिंकलो.

आधी कोष फुटले. डोकेवाल्यांनीच ते उघडून दिले, थोड्या धसमुसळेपणाने, पण दिले. आतून फिकट बारक्या निघाल्या, एकामागून एक. त्यांनी आल्या आल्या अंडी चाटायला घेतली. बायडाबाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांच्या मिशा हलल्या, त्यांनी तोंड फिरवलं आणि कोठाराची वाट धरली. वाटेत डोकं अडकलं. नव्या पोरींना त्याचं एवढं हसू आलं! आपल्याला भरवणाऱ्या त्या याच, हे त्यांना काय ठाऊक?

मला वाईट वाटलं. मी बायडाबाईंना विचारलं, पोरं सोडताना जड गेलं का? त्या म्हणाल्या, तुझ्यासारखी पटपट चाटणारी आली की मी तिथे अडगळच. आणि दाणा कोण फोडणार, तू? मग त्यांनी खरंच एक दाणा माझ्यापुढे सरकवला. मी तो परत त्यांच्याकडे ढकलला.

आई परत अंडी घालते आहे. कोठार भरलं आहे. नव्या पोरींतल्या थोरल्या आताच वर माती काढायला आल्या. घर पूर्वीइतकं झालं आणि आता त्याहून मोठं होतंय. गणपतीत भुसाऱ्याकडे खिरापत वाटली, तिचा चुरा आम्ही रांग लावून आत नेला. एक मोठा खोबऱ्याचा तुकडा होता, त्याला बारक्यांनी ओढायला धरलं, पण हलेना. मग दारातून डोकेवाल्या आल्या, त्यांनी जबड्याने तो चिरून दिला आणि आम्ही वाहिला. वाटेत दुसऱ्या घरच्या काळ्या मुंग्या आडव्या आल्या. डोकेवाल्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या, जबडे उघडून. काळ्यांनी एकदा त्या डोक्यांकडे पाहिलं आणि त्यांना दुसरीकडे काम असल्याचं आठवलं.

तू म्हणाली होतीस, घाण्याला जुंपलेल्या. घाण्याचा बैल फिरतो त्या वाटेने फिरतो. घाण्याला आग लागली तरी तो त्याच वाटेने फिरेल. आम्ही तशा नाही, एवढंच सांगायचं होतं. आमचं काम वाटलेलं आहे, पण बांधलेलं नाही. जिला जे चांगलं येतं ते ती करते, आणि जिथे खिंडार पडतं तिथे जी असेल ती उभी राहते.

दत्तोबा म्हणतो, मागच्या खेपेला तुझं दार उघडं दिसलं. जास्त विचारलं तर वेटोळं. मला रात्रभर झोप नाही. दार तू उघडलंस, की आणखी कुणी?

शकू

आश्विन शुद्ध दशमी, दसरा

गोदू,

आज मी सीमोल्लंघन केलं.

एवढे दिवस आमच्या दाणेवाल्या गल्लीच्या अलीकडेच फिरत. बारक्या थोड्या, आणि गल्लीत घोडे, बैल, माणसं. आज घरात बळ होतं. सकाळपासून घोडी झेंडूच्या माळा घालून गेली, नगारा वाजत होता, आणि मग सगळं पुणं शिलंगणाला गावाबाहेर निघून गेलं. गल्ली ओस पडली. घोड्यांच्या तोबऱ्यांतून सांडलेलं धान्य मध्यावर तसंच पडलेलं. अशी संधी वर्षात एकदाच.

आम्ही निघालो. बारक्यांत मी आता सगळ्यांत म्हातारी, म्हणून पुढे मी. जाताना पोट जमिनीला टेकवत वाट वासाने आखत गेले, मागच्या त्यावरून येत होत्या. गल्लीचा मध्य आला आणि गेला. मी दाण्यांपाशी थांबले नाही. कोपऱ्यावरच्या हौदापर्यंत गेले, नवा मुलूख बघायला. कात्रजचं पाणी ज्या हौदात येतं ना, तोच. त्याच्या पायाच्या दगडांत एक भोक होतं. भोकाच्या तोंडाशी ताज्या मातीचे कण होते.

त्यातून एक मुंगी बाहेर आली. इतकी लहान मुंगी मी कधी पाहिली नाही. मी बारकी, पण ती माझ्यापुढेही कणभर. एकट्या आईने आपल्या अंगातलं काढून भरवलेली पोर एवढीच होते. परक्या घरची मुंगी भेटली की काय करायचं ते आपल्याला शिकवावं लागत नाही. माझा जबडा उघडला. तिचाही उघडला. केवढासा तो जबडा, पण उघडला!

मग मी तिला हुंगलं. वास परका होता. त्या वासाच्या तळाशी आमचं घर होतं.

मी जबडा मिटला. तिने मिटला नाही, पण चावलीही नाही. मिशा लावल्या आणि बराच वेळ लावून ठेवल्या. मग म्हणाली, "तुम्ही सालींवर लिहिणाऱ्या का? आई विचारते, बायडाबाईंचं डोकं अजून दारात अडकतं का?"

गोदू, तू पर्वतीच्या पलीकडे जाणार होतीस. आणि उतरलीस कुठे, तर आमच्याच गल्लीच्या पलीकडे! मी चार महिने "लांबच्या" बहिणीला पत्रं लिहिते आहे, आणि तो दत्तोबा इथून तिथे जायला आठवडा लावून "लांब आहे" म्हणतो! त्याला दिसू तर दे.

मला रडू आलं. मुंग्यांना रडता येत नाही, तरी आलं. मी धावत गल्लीच्या मध्यावर गेले, पिकलेल्या राळ्याचा एक दाणा निवडला, पिवळट, चांगला भरलेला, आणि तो त्या पोरीपुढे ठेवला. माणसं आज एकमेकांना आपट्याची पानं देतात ना, तसं म्हटलं, "सोनं घे." तो तिला उचलेना. तेव्हा भोकातून तिच्यासारखीच दुसरी आली. एकीने ओढलं, एकीने ढकललं, आणि दोघींनी तो आत नेला.

मी तिला विचारलं, आत आणखी किती आहात? म्हणाली, आहोत की. धाकट्या आईजवळ आहेत, अंडी चाटतात. आम्ही थोरल्या, म्हणून बाहेर.

मी तिथेच उभी राहिले. धाकट्या आत, थोरल्या बाहेर. प्रत्येकजण सगळं करील म्हणाली होतीस, आणि मूठभर पोरींच्या घरात कामाची वाटणी होऊनसुद्धा गेली. तू हुकूम दिला नव्हतास, हे मी पैजेवर सांगते. मला जिंकल्याचा आनंद झाला, तो तुझ्यावर नाही, तुझ्याबरोबर. माझा राग संपला. हे पत्र प्रेमाचं आहे.

अजून तुझ्याकडे डोकेवाली नाही, हे पाहिलं. पुढच्या खेपेच्या अळ्यांतल्या एकदोघींना पोटभर मांस भरवा, म्हणजे होईल. तोवर तो दाणा तुमच्यात फुटायचा नाही. म्हणून उद्या मी गल्ली ओलांडून परत येईन आणि फोडलेलं धान्य आणीन. बायडाबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही, पण त्या आत्ता कोठारात तुझ्यासाठी दाणे फोडत आहेत, आणि जरुरीपेक्षा जास्त फोडत आहेत.

आणि हो, अडकतं. आज दुपारीही अडकलं होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून ढकललं.

तुझी
शकू